पंधरा हजारांचे पत्र

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत वार्षिक दिनाची धांदल सुरू होते. सभागृहाची तारीख, जेवणाचा मेन्यू, नाचाच्या तालमी, आणि मग समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतो, ‘थोडे स्पॉन्सर बघू या.’ दोन दिवसांत पत्र तयार होते. वर कंपनीचा लोगो, खाली ‘प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर’ असा तक्ता, आणि शेवटी ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’. त्याच्या चाळीस झेरॉक्स निघतात आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात एकेक जाते.

यातून फारसे काही हाती लागत नाही, आणि त्याचे कारण दुकानदाराच्या बाजूने पाहिले की कळते. गणेश मंडळाला तो वर्गणी देतो कारण मंडळ त्याच्या गल्लीतले असते, मांडवावरून हजारो लोक जातात आणि मंडळाची पोरे वर्षभर समोरच उभी असतात. कंपनीचा वार्षिक दिन मात्र बंद दाराआडचा कार्यक्रम. बाहेरच्या कोणाला तिथे प्रवेश नाही. शिवाय मागणारी कंपनी दुकानदारापेक्षा कितीतरी मोठी. ‘यांची उलाढाल कोटींत, कार्यक्रम यांच्याच कामगारांचा, मग पैसे माझ्याकडे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात येतो, तो तोंडाने बोलत नाही एवढेच. प्रायोजकत्वाच्या पत्राचे खरे काम याच प्रश्नाचे उत्तर देणे हे आहे. ते उत्तर पत्रात नसेल, तर कागद कितीही गुळगुळीत असला तरी गल्ल्याखालच्या खणात जातो.

उत्तर कसे तयार होते ते एका उदाहरणातून पाहता येईल. समजा, अंबडमधला एक कारखाना आहे. सीएनसी मशीनवर वाहनांचे सुटे भाग बनवणारा, २१० कायम कामगार असलेला. वार्षिक दिनाला कुटुंबे धरून सहाशेच्या आसपास माणसे येतील असा अंदाज आहे. समितीने चाळीस दुकानांची यादी बाजूला ठेवली आणि आधी आपल्याच माणसांकडे पाहिले. मनुष्यबळ विभागाच्या नोंदवहीतून, कोणाचेही नाव न घेता, फक्त आकडे काढले. २१० पैकी ८४ कुटुंबे सिडकोत राहतात, ५१ पाथर्डी फाटा आणि इंदिरानगर भागात, ३८ अंबड गावात आणि उरलेली ३७ इतरत्र. चाळिशी ओलांडलेले कामगार ९२. शाळेत जाणारी मुले साधारण १६०.

हे आकडे हातात आल्यावर यादी आपोआप लहान होते. सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकात चष्म्याचे एक दुकान आहे असे धरू. ९२ माणसे चाळिशी उलटलेली, म्हणजे ज्या वयात जवळचे वाचायला चष्मा लागू लागतो त्या वयातली. त्यातही ही माणसे दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा वाचणारी. शॉप फ्लोअरवर थोडा वेळ उभे राहिले तरी दिसते, की पंचेचाळिशीचा ऑपरेटर माप हातभर लांब धरून, मान मागे घेऊन वाचतो आहे. शिवाय १६० शाळकरी मुले, ज्यांच्यातल्या काहींना फळ्यावरचे दिसत नसल्याचे घरात अजून कळलेलेही नाही. आणि एकूण कुटुंबांपैकी ८४ दुकानापासून जवळच राहणारी. चष्म्याच्या दुकानदाराला एवढी नेमकी गर्दी एका संध्याकाळी एका छताखाली दुसरीकडे सहसा मिळत नाही. मंडळाच्या मांडवात माणसे जास्त असतात, पण ती कोण, कुठली, त्यांना काय हवे, हे कोणालाच ठाऊक नसते. कंपनीला ते ठाऊक असते. कंपनीकडे विकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

उलट, त्याच चौकातले महागडे फर्निचरचे दालन किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाचे हॉटेल या यादीतून गळाले तर हरकत नाही. पाच-सहा नेमकी पत्रे चाळीस झेरॉक्सपेक्षा जास्त काम करतात. चष्म्याचे दुकान, पॅथॉलॉजी लॅब, दुचाकीचा वितरक, दहावी-बारावीचे क्लासेस, सिडकोतली एखादी पतसंस्था. प्रत्येकाला वेगळे पत्र, कारण प्रत्येकाला त्या २१० कुटुंबांतले वेगळे काहीतरी हवे असते.

आता रक्कम. इथे बहुतेक समित्यांचे गणित उलटे चालते. खर्चात दीड लाख कमी पडतात, म्हणून सहा जणांकडून पंचवीस-पंचवीस हजार. दुकानदाराला कंपनीच्या तुटीशी देणेघेणे नाही. त्याचा हिशेब निराळा असतो आणि तो समितीने स्वतः आधी करून पाहावा. धरून चाला की दुकानातले सरासरी बिल १८०० रुपयांचे आहे. फ्रेम, काचा आणि काच बसवण्याचा खर्च जाता त्यातून ८८० रुपये उरतात. कंपनीच्या लोकांना दहा टक्के सवलत दिली तर १८० गेले, हाती ७००. मग १५,००० रुपये दिले तर ते भरून निघायला २२ बिले व्हावी लागतील. २१० कुटुंबांतून २२, म्हणजे साधारण दहातले एक घर. हे दुकानदाराला पटू शकते. तेच ४०,००० मागितले तर ५८ बिले हवीत, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त घरांनी त्याच्याकडे चष्मा करायला हवा. हे कोणताही दुकानदार मनातल्या मनात गुणून नाकारेल, आणि तोंडाने ‘बघतो, पुढच्या आठवड्यात या’ म्हणेल.

दुकानाचे खरे बिल किती हे बाहेरच्याला नक्की कळत नाही, हे खरे. पण स्वतः चष्मा करून घेतलेले दहा कामगार कारखान्यातच असतात. त्यांना विचारले की सरासरीचा अंदाज येतो. नफ्याचा आकडा पत्रात अर्थातच लिहायचा नाही. तो फक्त आपली मागणी जमिनीवर राहावी यासाठी.

रकमेला एक ठरावीक काम जोडले की मघाच्या न विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. सभागृह, जेवण आणि ध्वनिव्यवस्था यांचा खर्च कंपनी स्वतः करते आहे, आणि प्रायोजकाचे पैसे गुणवंत पाल्यांच्या सत्कारासाठी वापरले जातील, असे पत्रात स्पष्ट म्हटले तर मागणीचा सूर बदलतो. दुकानाचे नाव बक्षिसाशी आणि मुलांशी जोडले जाते. जेवणाच्या बिलात मुरलेले पैसे कोणाला दिसत नाहीत, पण बक्षीस घेऊन मंचावरून उतरणारे मूल सगळे सभागृह पाहते.

पत्र एका पानाचे असावे आणि मराठीत असावे, दुकानदार ज्या भाषेत धंदा करतो त्या भाषेत. चष्म्याच्या दुकानाला जाणारे पत्र साधारण असे असेल:

‘सप्रेम नमस्कार. आमच्या कारखान्याचा वार्षिक दिन शनिवार, दि. … जानेवारी रोजी सायंकाळी ५ वाजता होत आहे. आमचे २१० कामगार आणि त्यांची कुटुंबे मिळून सुमारे ६०० जण उपस्थित राहतील. यांपैकी ८४ कुटुंबे आपल्या दुकानाच्या परिसरात, सिडकोत राहतात. ९२ कामगारांचे वय चाळिशीच्या पुढे आहे आणि शाळकरी मुले सुमारे १६० आहेत.

या दिवशी होणाऱ्या गुणवंत पाल्य सत्काराचे प्रायोजकत्व आपण स्वीकारावे, अशी विनंती आहे. त्यासाठीची रक्कम रु. १५,००० अधिक जीएसटी. सभागृह व भोजनाचा खर्च कंपनी करत आहे. आपल्याला पुढील गोष्टी मिळतील: सत्काराच्या वेळी मंचावर आपल्या नावाची घोषणा आणि आपल्या हस्ते पहिली तीन बक्षिसे, प्रवेशद्वाराजवळ ६ × ४ फुटांचे टेबल व वीजजोडणी, जिथे आपण मोफत दृष्टितपासणी ठेवू शकाल, आणि प्रत्येक कुटुंबाला दिल्या जाणाऱ्या पाकिटात आपले एक कुपन. चष्म्याच्या क्षेत्रातले दुसरे प्रायोजक आम्ही घेणार नाही. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत छायाचित्रे व उपस्थितीचा आकडा आपल्याला कळवू.

याबाबत आपल्याला दि. … पर्यंत कळवता आले, तर आपले नाव निमंत्रणपत्रिकेत छापता येईल.’

खाली मनुष्यबळ प्रमुखाची सही, पद, कंपनीचा शिक्का आणि एकाच माणसाचा मोबाइल क्रमांक.

या पत्रात कंपनीचा इतिहास नाही, पुरस्कार नाहीत, ‘अग्रगण्य’ हा शब्द नाही. पहिल्या परिच्छेदात दुकानदाराचे गिऱ्हाईक, दुसऱ्यात त्याने द्यायची रक्कम आणि त्याला मिळणाऱ्या वस्तू, तिसऱ्यात तारीख. तारखेमागे खरे कारण आहे, निमंत्रणपत्रिका छापायला जाणार आहे. कारण नसलेली मुदत दुकानदार ओळखतो.

पत्रात लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्या हातातली आहे ना, हे आधी तपासावे लागते. सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी टेबल लावायला, तिथे कुपने वाटायला व्यवस्थापनाची परवानगी हवी. ती लेखी घेतल्याशिवाय टेबलाचे वचन देऊ नये. रस्त्यावर फ्लेक्स लावून देऊ, असे तर मुळीच लिहू नये. सार्वजनिक जागी फलक लावायला महापालिकेची परवानगी लागते, आणि विनापरवाना फलक उतरवला गेला तर त्यावर नाव प्रायोजकाचे असते.

एक वचन कंपनीच्या आवाक्यात असूनही देता येत नाही, ते म्हणजे कामगारांचे मोबाइल क्रमांक. दुकानदार ते हमखास मागतो: ‘यादी द्या, मी व्हॉट्सॲपवर ऑफर टाकतो.’ कामगारांनी क्रमांक दिला तो नोकरीच्या कामासाठी. तो त्यांच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी दुसऱ्याला देणे हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या तत्त्वाला धरून नाही, आणि माणूस म्हणूनही बरे नाही. त्यावर उपाय कुपनाचा. ज्याला गरज आहे तो दुकानात येईल आणि क्रमांक स्वतःहून देईल. अशा दहा क्रमांकांची किंमत न विचारता मिळालेल्या दोनशेंपेक्षा जास्त, हे दुकानदाराला समजावले की तो सहसा ऐकतो.

पैशाचा रस्ता नीट नसेल तर सगळे पत्र फुकट जाते. प्रायोजकत्व ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर आहे. म्हणजे १५,००० वर २,७००, एकूण १७,७००. पूर्वी प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर हा कर प्रायोजकाने स्वतः भरायचा, असा नियम होता. १६ जानेवारी २०२५ पासून तो बदलला. आता प्रायोजकाकडून पैसे घेऊन ही सेवा पुरवणारी संस्था नोंदणीकृत कंपनी असेल, तर बिलात कर लावून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी त्या कंपनीची. आपल्या उदाहरणातला कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर लेखा विभागाने रीतसर कर-बीजक द्यायला हवे. दुकानदार नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असेल, तर २,७०० ची वजावट त्याला घेता येते आणि त्याचा खरा खर्च पंधरा हजारच राहतो. तो कंपोझिशन योजनेत असेल तर वजावट मिळत नाही, त्याला पूर्ण १७,७०० लागतात. म्हणून समोर बसल्यावर हे एक वाक्यात विचारून घ्यावे. कंपोझिशनवाल्याला १२,७०० अधिक कर म्हटले की एकूण सुमारे पंधरा हजारच होतात.

बीजकाचा दुसरा फायदा आयकरात. जाहिरातीचा खर्च म्हणून ही रक्कम दुकानाच्या नफ्यातून वजा होऊ शकते. देणगी म्हणून दिली तर खासगी कंपनीला दिलेल्या पैशावर देणगीची कोणतीही सवलत मिळत नाही. पत्रात भावनेच्या भरात ‘देणगी’ किंवा ‘वर्गणी’ लिहिणे दुकानदाराच्या सनदी लेखापालाला म्हणूनच आवडत नाही. रक्कम मोठी असेल आणि प्रायोजक कंपनी किंवा मोठा व्यवसाय असेल, तर तो टीडीएस कापेल. प्रायोजकत्वाचा करार हा मुळात जाहिरातीच्या कामाचा करार आहे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९५ च्या एका परिपत्रकातच म्हटले आहे. एकरकमी तीस हजारांच्या आतल्या व्यवहारात हा प्रश्न साधारणपणे येत नाही.

यातली सर्वांत घातक सवय म्हणजे समितीतल्या एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेणे. त्यात बीजक नाही, कर नाही, आणि उद्या कोणी विचारले तर त्या भल्या माणसाकडे दाखवायला काहीच नाही. खाते कंपनीचेच हवे.

आणि एका प्रकारच्या व्यवसायांकडे जाताना पाय अडखळायला हवा: कंपनीला माल किंवा सेवा पुरवणारे. कॅन्टीनचा ठेकेदार, बसवाला, पॅकिंगच्या खोक्यांचा पुरवठादार. हे लोक ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, आणि तीच अडचण आहे. खरेदी व्यवस्थापकाने फोन केला की ती विनंती राहत नाही. पुढच्या दरवाटाघाटीत ते पंधरा हजार खोक्यामागे काही पैशांनी परत वसूल होतात आणि मधल्या मध्ये खरेदी विभागाची बोलती बंद होते. ज्यांचा ठेका नूतनीकरणाला आला आहे किंवा ज्यांची निविदा उघडायची आहे, त्यांना मागूच नये. बाकीच्यांकडे जायचेच असेल तर खरेदी विभागाला दूर ठेवून, मनुष्यबळ विभागाच्या सहीने, आणि ‘याचा आपल्या व्यवहाराशी कोणताही संबंध नाही’ हे वाक्य पत्रात लिहून.

पत्र घेऊन कधी जायचे यालाही महत्त्व आहे. कार्यक्रमाच्या सहा ते आठ आठवडे आधी पहिली भेट झालेली बरी. चष्म्याचा दुकानदार स्वतःच मालक असतो, तो गल्ल्यावर बसून दहा मिनिटांत ठरवू शकतो. मात्र संध्याकाळी गिऱ्हाईक उभे असताना नाही, दुपारच्या शांत वेळी. दुचाकीच्या वितरकाला मात्र अनेकदा उत्पादक कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून मंजुरी घ्यावी लागते, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला वरून. त्यांच्यासाठी पत्र वेगळे लागते. त्यात ते पुढे पाठवू शकतील असे आकडे नीट मांडलेले हवेत, कारण निर्णय घेणारा माणूस तुमच्यासमोर बसलेलाच नसतो. तिथे दहा-बारा दिवस वाट पाहावी लागते, आणि मधे एकच आठवण पुरते.

दुकानदार रोख नको म्हणाला आणि वस्तू देऊ करू लागला, तर तेही चालते, पण हिशेब सोपा राहत नाही. नुसती भेट म्हणून दिलेल्या मालावर त्याने आधी घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. जाहिरातीच्या बदल्यात माल दिला तर तो देवाणघेवाणीचा व्यवहार ठरतो आणि दोन्ही बाजूंनी बिल यावे लागते. छोट्या दुकानदाराला याची कल्पना नसते. त्याला सांगणे कंपनीच्या लेखा विभागाचे काम आहे. यापेक्षा सुटसुटीत मार्ग म्हणजे त्याने प्रवेशद्वाराशी दृष्टितपासणी करावी. अक्षरांचा तक्ता, एक खुर्ची, दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट आणि नीट उजेड एवढे असले की तासाभरात बरीच माणसे तपासून होतात.

कार्यक्रमाच्या दिवशी बिघडते ते बहुधा घोषणेच्या वेळी. सत्कार लांबतो, जेवणाची पाने मांडली जातात, माणसे उठतात आणि प्रायोजकाचे नाव रिकाम्या खुर्च्यांना ऐकवले जाते. सूत्रसंचालकाच्या कागदावर दुकानाचे नाव, मालकाच्या आडनावाचा नेमका उच्चार आणि घोषणेची वेळ लिहून द्यावी, आणि ती वेळ पहिल्या तासातलीच असावी. लकी ड्रॉच्या लगेच आधी सत्कार ठेवला तर कोणी जागचे हलत नाही. मालक स्वतः आला असेल तर त्याला पहिल्या रांगेत जागा आणि सोबत समितीचा एक माणूस हवा. त्याला प्रवेशद्वारावर कोणी ओळखलेच नाही, असे झाले तर पंधरा हजारांची चर्चा पुढे सगळ्या चौकात होते.

कुपनांवर क्रमांक घालणे ही अगदी छोटी गोष्ट, पण ती विसरली तर नंतर काहीच सांगता येत नाही. ००१ ते २१० असे क्रमांक, मुदत दोन महिन्यांची. पंधरा दिवसांनी समितीचा माणूस छायाचित्रांची पाकिटे घेऊन दुकानात जातो आणि किती कुपने आली ते विचारतो. मुदत संपल्यावर पुन्हा एकदा. तीस आली असतील तर पुढच्या डिसेंबरात अठरा-वीस हजारांची गोष्ट करता येते, आणि तेच आकडे पॅथॉलॉजी लॅबला दाखवता येतात. नऊच आली असतील, तर दुकानदाराला रोखीत तोटा झाला आहे हे मान्य करून कारण शोधावे लागते: कुपन पाकिटात तळाशी गेले होते का, तपासणीचे टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात होते का, की मुळात त्या कामगारांना कंपनीच्याच आरोग्य शिबिरात चष्मे मिळून गेले होते. शेवटचे कारण निघाले तर त्या दुकानाकडे दुसऱ्या वर्षी जाऊ नये. पहिली दोन निघाली तर मागणी आठ हजारांवर आणून, टेबल उजेडात ठेवून, तो पुन्हा येतो का हे विचारावे.